छोट्या हॉटेलसाठी अग्निशमन ना-हरकत दाखल्याचा अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तळमजल्यावरच्या गाळ्यात पंचवीस-तीस खुर्च्यांचं हॉटेल काढणाऱ्यांसाठी आहे. नियम महाराष्ट्रातले धरले आहेत. मॉल, उंच इमारती आणि लॉजिंगची हॉटेलं यांचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांची चर्चा इथे नाही.

एवढ्याशा हॉटेलला फायर एनओसी खरंच लागते का?

मागणी बहुतेक वेळा अग्निशमन दलाकडून येत नाही, पालिकेच्या आरोग्य विभागाकडून येते. खाद्यगृहाचा परवाना देण्याआधी तो विभाग अग्निशमनचा दाखला मागतो. तुमच्याकडे लेखी मागणी आली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, कारण अर्जातल्या ‘संदर्भ’ या ओळीत तेच येणार आहे.

कागद कोणी मागो अथवा न मागो, जबाबदारी तुमच्यावर असतेच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा कायदा 2008 च्या डिसेंबरपासून लागू आहे. आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं हे काम त्याने इमारतीच्या मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर, म्हणजे भोगवटादारावर, टाकलं आहे. भाड्याने गाळा घेतलेले हॉटेलवाले ‘ते मालक बघतील’ म्हणतात, पण भोगवटादारात तेही येतात.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा?

महानगरपालिकेच्या हद्दीत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावाने करायचा. मोठ्या शहरांत छोट्या गाळ्यांची कामं विभागीय अग्निशमन केंद्रातून होतात, तिथे अर्ज त्या केंद्रात स्वीकारला जातो, मात्र ‘प्रति’मध्ये मुख्य अग्निशमन अधिकारीच राहतात. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहून खाली ‘अग्निशमन विभाग’ टाका. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं आहे, तिथे शेजारच्या पालिकेकडे केलेला अर्ज निरुपयोगी ठरतो. ग्रामपंचायत हद्दीत स्थानिक दल नसेल तर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे विचारणा करावी लागते.

हद्दीबद्दल शंका असेल तर मालमत्ता कराची पावती बघा. कर जिथे भरला जातो, तिथूनच सुरुवात करायची.

इमारतीला आधीच फायर एनओसी आहे. ती चालणार नाही का?

त्या दाखल्याची प्रत जोडायची आहे, पण तिने काम भागत नाही. इमारतीला दाखला मिळाला तेव्हा तुमचा गाळा नकाशावर बहुधा ‘दुकान’ म्हणून होता. कपड्यांच्या दुकानात पेटती शेगडी, गॅसचे सिलिंडर आणि तेलाची कढई नसते, शिवाय एका वेळी तीस माणसंही बसत नाहीत. तुमचा अर्ज या बदलासाठीच असतो.

इथे एक गल्लत फार होते. अग्निशमनचा दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. मंजूर नकाशात गाळ्याचा वापर वेगळा दाखवला असेल, किंवा मागच्या बाजूला पत्रा टाकून स्वयंपाकघर वाढवलं असेल, तर तो प्रश्न आधी पालिकेच्या बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागात सोडवून घ्या. अग्निशमन अधिकारी अनधिकृत भाग नियमित करू शकत नाही. उलट अर्जासोबतच्या नकाशात तो भाग दाखवला, की तुम्हीच त्याची लेखी कबुली दिल्यासारखं होतं. आणि न दाखवता जागेवर सापडला तर अर्ज खोटा ठरतो. दोन्ही वाटा वाईट आहेत, म्हणून हे आधी निस्तरावं.

अर्ज फर्निचरच्या आधी करावा की नंतर?

नकाशा तयार झाल्यावर केंद्रात जाऊन तोंडी चर्चा करून यावी. अर्ज मात्र साधनं बसल्यावर द्यावा, कारण पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला रिकामा गाळा दाखवून काही साधत नाही. मागचा दरवाजा कुठे, सिलिंडर कुठे, डक्ट कुठून बाहेर काढायचा, एवढं तरी सुतार यायच्या आत ठरलेलं असावं. प्लायवूडचं पॅनेलिंग झाल्यावर दरवाजा हलवणं परवडत नाही.

पत्रात नेमकं काय लिहायचं?

बाजारात फिरणारे नमुने पाहिले तर त्यांत निम्मी जागा विनंतीने भरलेली असते. ‘मी एक होतकरू तरुण असून’ वगैरे. अधिकाऱ्याला त्या मजकुराचा काही उपयोग नसतो. तो पत्र एका हातात आणि नकाशा दुसऱ्या हातात घेऊन जागेवर येतो, आणि पत्रातलं एकेक वाक्य डोळ्यांसमोर दिसतं का ते बघतो. म्हणून पत्रात जागेचं वर्णनच असावं. जागा कोणती आणि केवढी, माणसं किती, बाहेर पडायच्या वाटा कोणत्या, आग कशाकशाला लागू शकते आणि ती विझवायला काय ठेवलं आहे, हे क्रमाने आलं की पत्र पुरं झालं. विनंती एका वाक्यात मावते.

खालचा नमुना एका कल्पित गाळ्याचा आहे. क्षेत्रफळ 62 चौरस मीटर, त्यात 40 चौ.मी. बसण्याची जागा, 16 चौ.मी. स्वयंपाकघर आणि 6 चौ.मी. स्वच्छतागृह व हात धुण्याची जागा. आकडे तुमचे घाला, क्रम हाच ठेवा.

> प्रति,
> मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
> ……… महानगरपालिका.
>
> दिनांक : ………
>
> विषय : गाळा क्र. 2, तळमजला, ……… (इमारतीचे नाव, सि.स.नं.) येथील 28 आसनांच्या उपाहारगृहाच्या जागेस अग्निशमन ना-हरकत दाखला मिळणेबाबत.
>
> संदर्भ : आरोग्य विभागाचे पत्र क्र. ……… दि. ………
>
> महोदय,
>
> वरील गाळा मी दि. ……… च्या नोंदणीकृत भाडेकरारान्वये भाड्याने घेतला असून तेथे उपाहारगृह चालविण्याचे योजिले आहे. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची असून वरील मजले निवासी आहेत. गाळ्याचे क्षेत्रफळ 62 चौ.मी. आहे. गाळ्यात पोटमाळा नाही.
>
> बैठकीची क्षमता 28 असून एका वेळी जास्तीत जास्त 6 कर्मचारी हजर असतील. बाहेर पडण्यासाठी दोन दरवाजे आहेत. पुढील दरवाजा 1.2 मीटर रुंद असून रस्त्याकडे उघडतो. मागील दरवाजा 1 मीटर रुंद असून स्वयंपाकघरातून इमारतीच्या मागील मोकळ्या सामासिक अंतरात उघडतो. दोन्ही दरवाजे बाहेरच्या बाजूस उघडणारे आहेत.
>
> स्वयंपाकासाठी एलपीजी वापरण्यात येईल. 19 किलोचे एकूण 4 व्यावसायिक सिलिंडर (76 किलो) ठेवण्यात येतील. ते स्वयंपाकघराबाहेर, मागील भिंतीलगत जाळीच्या कुलूपबंद व हवेशीर पिंजऱ्यात उभे ठेवण्यात येतील. तेथून शेगड्यांपर्यंत धातूची नळी असून मुख्य झडप स्वयंपाकघराच्या दाराशी, हाताला येईल अशी आहे. कोळसा, लाकूड अथवा रॉकेल वापरण्यात येणार नाही.
>
> शेगड्यांवर हूड व पत्र्याचा डक्ट असून तो इमारतीच्या गच्चीच्या वर नेला आहे. विद्युत जोडणी व्यावसायिक असून एमसीबी व ईएलसीबी बसविले आहेत.
>
> पुढील अग्निशमन साधने बसविली आहेत : स्वयंपाकघरात 6 लिटरचे वेट केमिकल 1, बैठक दालनात 6 किलोचे एबीसी पावडर 2, मुख्य विद्युत पॅनेलजवळ 4.5 किलोचे कार्बन डायऑक्साइड 1. स्वयंपाकघरात जमिनीलगत गॅसगळती सूचक बसविला आहे. दोन्ही दरवाजांवर वीज गेल्यावरही दिसणारे ‘बाहेर’ फलक आहेत.
>
> तरी जागेची पाहणी करून ना-हरकत दाखला द्यावा, ही विनंती. पाहणीच्या वेळी मी स्वतः हजर राहीन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाईल क्रमांक)
>
> सोबत : 1. गाळ्याचा नकाशा 2. भाडेकरार व मालकाचे संमतीपत्र 3. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र व जुना अग्निशमन दाखला 4. लायसन्सधारक एजन्सीचे प्रमाणपत्र 5. विद्युत ठेकेदाराचे प्रमाणपत्र 6. गॅस जोडणीचे कागद 7. सोसायटीचे पत्र 8. शुल्क भरल्याची पावती

‘पोटमाळा नाही’, ‘कोळसा वापरणार नाही’ ही नकारार्थी वाक्यं मुद्दाम ठेवली आहेत. अधिकाऱ्याच्या मनात हे प्रश्न असतातच. उत्तर पत्रातच मिळालं की त्या मुद्द्यावर वेगळा खुलासा मागायचं कारण उरत नाही.

आसनसंख्या कमी लिहिली तर दाखला सोपा जातो का?

असं पुष्कळांना वाटतं. 28 खुर्च्या मांडायच्या आणि पत्रात 18 लिहायच्या. पण आसनसंख्या एकट्या पत्रात नसते. ती नकाशातही असते आणि आरोग्य परवान्याच्या अर्जातही. तीन कागदांवर तीन आकडे दिसले की अधिकारी बाकीच्या मजकुराकडेही संशयाने बघू लागतो. त्यातून दाखल्यावर ‘18 आसनांसाठी’ असं छापून आलं, तर पुढे एखादी दुर्घटना झाल्यावर तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो.

संख्येचा खरा संबंध दारांशी आहे. स्वयंपाकघर मागे आणि एकुलतं एक दार पुढे अशी रचना असेल, तर आग लागल्यावर आतली माणसं निदान आगीपासून दूर पळतात. पण काउंटर, शेगडी आणि दार तिन्ही पुढेच असतील तर गिऱ्हाइकांना बाहेर पडण्यासाठी आगीच्या बाजूनेच जावं लागेल. अशा गाळ्यात पत्र कितीही नीट लिहिलं तरी अधिकारी दुसरी वाट मागणार. शेगडी हलवा किंवा मागे दार काढा, आणि मग अर्ज लिहा.

सिलिंडर किती ठेवता येतात?

गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे एका जागी एकूण 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला साठवणुकीचा वेगळा परवाना लागत नाही. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा असतो. पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो, इथवर ठीक. सहावा आला की 114 किलो होतात आणि तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. शेगडीला जोडलेले सिलिंडरही या बेरजेत येतात, ‘ते तर वापरात आहेत’ हे उत्तर चालत नाही. म्हणून पत्रात नुसती संख्या न लिहिता कंसात किलोंची बेरीजही लिहावी.

लाल रंगाचा 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरायला मनाई आहे. पाहणीच्या दिवशी तो कोपऱ्यात दिसला तर बाकीचं सगळं चोख असूनही अर्ज अडकतो.

जागेबद्दल पत्रात स्पष्ट लिहा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. त्यामुळे तळघरात, जिन्याखाली किंवा गटाराच्या तोंडाशी सिलिंडर ठेवलेले अधिकाऱ्याला चालत नाहीत. गॅसगळती सूचक जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावायचा तोही याच कारणाने. तुमच्याकडे पाइपचा नैसर्गिक गॅस असेल तर सगळं उलटं होतं. तो हवेपेक्षा हलका असतो, म्हणून सूचक छताजवळ हवा. दुकानदाराने सांगितलं तिथे सूचक ठोकून मोकळे होणारे बरेच आहेत, आणि चुकीच्या उंचीवरचा सूचक गळती झाली तरी वेळेवर वाजत नाही.

बाहेरच्या पिंजऱ्याबाबत आणखी एक गोष्ट. सामासिक अंतर हे इमारतीतल्या सगळ्यांचं असतं, आणि अग्निशमन दलाला आत शिरायला तीच वाट असते. पिंजरा भिंतीलगत आणि लहान ठेवा, त्यावर शेड घालू नका, आणि सोसायटीचं पत्र जोडा. नाहीतर दाखला मिळाल्यावर महिनाभरात सोसायटीची तक्रार येते आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.

विझवायला एकाच प्रकारची सिलिंडरं घेतली तर काय बिघडतं?

विक्रेता बहुतेकांना एबीसी पावडरची चार नळकांडी देतो, कारण ती स्वस्त आणि सहज मिळतात. बैठकीच्या जागेत ती योग्यच आहेत. कढईतल्या तेलाच्या आगीवर मात्र ती अपुरी पडतात. पावडरने ज्वाळा क्षणभर विझते, पण तेल तसंच तापलेलं राहतं आणि हवा लागताच पुन्हा पेटतं. वेट केमिकल उकळत्या तेलावर साबणासारखा थर तयार करतं आणि तेलाला थंडही करतं. म्हणून स्वयंपाकघरात ते हवं. पाणी तर नकोच. पेटलेल्या तेलात पाणी पडलं की त्याची तत्काळ वाफ होते आणि आकारमान सुमारे 1,700 पट वाढतं. ती वाफ जळतं तेल उडवून छतापर्यंत नेते.

विजेच्या पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइड, कारण तो वीज वाहत नाही आणि मागे काही राहत नाही.

पत्रात ‘4 अग्निशामक बसविले आहेत’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही. प्रकार, वजन आणि जागा लिहा. नळकांड्यावर भारतीय मानकाचा आयएस 15683 हा क्रमांक आणि भरल्याची तारीख असली पाहिजे. ते दरवाजाच्या वाटेवर असावं, शेगडीच्या मागे नसावं. आग लागल्यावर तिच्यावरून हात घालून नळकांडं काढता येत नाही, हे सांगायची खरं तर गरज नसावी, पण पाहणीत हे वरचेवर सापडतं.

लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र म्हणजे काय? दुकानाचं बिल चालेल का?

बिलाने एवढंच सिद्ध होतं की तुम्ही वस्तू विकत घेतली. 2006 च्या कायद्याप्रमाणे साधनं बसवण्याचं आणि त्यांची देखभाल करण्याचं काम राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांचं लायसन्स असलेल्या एजन्सीने करायचं असतं. साधनं बसवून झाल्यावर ती एजन्सी ‘फॉर्म ए’ देते. हाच कागद अर्जासोबत लागतो. एजन्सी निवडताना तिचं लायसन्स चालू आहे का आणि ते कोणत्या कामासाठी आहे, हे पाहून घ्या. मुदत संपलेल्या एजन्सीचा फॉर्म म्हणजे वाया गेलेले पैसे.

फॉर्ममधली साधनांची यादी आणि पत्रातली यादी शब्दशः सारखी हवी. पत्रात 4.5 किलोचं कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्ममध्ये 2 किलोचं, अशी तफावत दिसली की लगेच त्रुटी निघते. सोपा उपाय म्हणजे आधी फॉर्म घ्यायचा आणि त्यावरून पत्र लिहायचं.

माझ्या गाळ्यात पोटमाळा आहे. तिथे चार टेबलं टाकू का?

नका टाकू. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत कुर्ला इथल्या एका छोट्या हॉटेलात आग लागून आठ जणांचा जीव गेला. ते पोटमाळ्यावर बसले होते आणि त्यांना खाली उतरता आलं नाही. धूर आणि उष्णता वर चढतात, आणि पोटमाळ्याचा अरुंद जिना बहुधा स्वयंपाकघराजवळच उतरतो. तेव्हापासून छोट्या हॉटेलात पोटमाळा दिसला की अधिकारी आधी तिकडेच वळतो.

मंजूर नकाशात पोटमाळा असेल तर पत्रात त्याचं क्षेत्रफळ, उंची आणि वापर लिहा, उदाहरणार्थ, ‘फक्त कोरडे सामान ठेवण्यासाठी, बैठक नाही’. मंजूर नसेल तर काढून टाका. गच्चीवर ताडपत्री आणि बांबूचा मांडव घालून बैठक वाढवण्याचंही तसंच. डिसेंबर 2017 मधल्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण दगावले, ती गच्चीवरच्या उपाहारगृहांतली आग होती.

अर्जावर सही कोणाची? मालकाची की माझी?

हॉटेल चालवणाऱ्याची, म्हणजे तुमची. मालकाचं संमतीपत्र सोबत जोडायचं आणि त्यात ‘उपाहारगृहासाठी’ हा शब्द असायला हवा. ‘व्यवसायासाठी’ असं मोघम लिहिलेलं संमतीपत्र परत येतं. भागीदारी असेल तर ज्याच्या नावाने परवाना निघणार त्यानेच सही करावी.

ऑनलाइन अर्ज केला तर पत्राची गरज आहे का?

बहुतेक पोर्टलवर रकाने ठरलेले असतात आणि त्यांत डक्ट कुठे जातो, मागचं दार कुठे उघडतं, हे लिहायला जागाच नसते. वरचं पत्र सही करून स्कॅन करा आणि ‘इतर कागदपत्रे’ या रकान्यात चढवा. कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर चालतो.

पाहणीनंतर त्रुटीचं पत्र आलं. आता पुन्हा नवा अर्ज?

नवा अर्ज करू नका, त्याने फाइल मागे जाते. त्रुटीपत्राला मुद्देसूद उत्तर द्या. त्यांनी ज्या क्रमांकाने त्रुटी मांडल्या त्याच क्रमांकाने पूर्तता लिहा. आपल्याच नमुन्यातल्या गाळ्याबाबत समजा दोन त्रुटी निघाल्या : मागच्या दाराबाहेर रिकाम्या क्रेट रचलेल्या आहेत, आणि डक्टला साफसफाईसाठी झडप नाही. उत्तर असं जाईल :

> मुद्दा 1 : मागील दरवाजाबाहेरील क्रेट हलविल्या असून भिंतीवर ‘येथे सामान ठेवू नये’ असा फलक लावला आहे. छायाचित्र सोबत.
> मुद्दा 2 : डक्टच्या वळणावर साफसफाईची झडप दि. ……… रोजी बसविली आहे. हूडची जाळी दर आठवड्याला व डक्ट दर तीन महिन्यांनी साफ करून नोंदवहीत नोंद ठेवली जाईल. छायाचित्र व नोंदवहीचे पहिले पान सोबत.

डक्टच्या मुद्द्याला हसण्यावारी नेणारे मी पाहिले आहेत. हूडमधून वर जाणारी वाफ तेल घेऊन जाते, ते डक्टच्या आतल्या बाजूला चिकट थरासारखं जमतं. कढईवरची एक मोठी ज्वाळा हूडमध्ये शिरली की हा थर पेटतो, आणि आग डक्टमधून थेट वरच्या मजल्यांच्या खिडक्यांशी पोचते. तुमच्या डोक्यावर तीन मजले घरं आहेत, त्यामुळे अधिकारी इथे सूट देत नाही. माझ्या मते देऊही नये.

पूर्तता खरोखर झाल्यावरच उत्तर पाठवा. ‘लवकरच बसवू’ या वाक्याला फाइलमध्ये पूर्तता मानत नाहीत.

बरेच दिवस उत्तरच नाही. काय करायचं?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित झालेल्या सेवांची यादी, प्रत्येक सेवेची मुदत आणि अपिलाचा अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. त्यावर तुमच्या सेवेची मुदत बघा. मुदत उलटली असेल तर आधी साधं स्मरणपत्र द्या, आवक क्रमांक आणि पाहणीची तारीख टाकून, चार ओळींत. मग प्रथम अपील. बऱ्याचदा स्मरणपत्रावरच फाइल हलते, कारण ती कोणाच्या तरी टेबलावर एका कागदासाठी पडून राहिलेली असते आणि तो कागद कोणता, हे तुम्हाला कोणी कळवलेलंच नसतं.

एजंटला दिलं तर?

टायपिंग, नकाशा, खेपा घालणं, या कामांसाठी माणूस लावायला हरकत नाही. पण पत्र सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. एजंटकडे आधीच्या गिऱ्हाइकाचं पत्र तयार असतं, तो नाव-पत्ता बदलतो आणि आत दुसऱ्याच्या गाळ्याचं क्षेत्रफळ तसंच राहतं. खोट्या मजकुराखाली सही तुमची असते.

दाखला मिळाला. पुढे काय?

दाखल्यावरच्या अटी वाचा आणि त्याची प्रत दर्शनी भागात लावा. त्यानंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, साधनं चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र लायसन्सधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाला सादर करायचं असतं. पहिल्या जुलैला लोकांच्या लक्षात राहतं, पुढच्या जानेवारीत विसरतात. दाखल्याच्या नूतनीकरणाला गेल्यावर हेच राहिलेले फॉर्म मागितले जातात.

खुर्च्या वाढवल्या, शेगडीची जागा बदलली, एलपीजी सोडून पाइपचा गॅस घेतला किंवा कोळशाची भट्टी आणली, तर जुना दाखला त्या बदलाला लागू नसतो. अशा वेळी वरचंच पत्र पुन्हा लिहायचं. विषयात ‘सुधारित’ हा शब्द घालायचा, संदर्भात जुन्या दाखल्याचा क्रमांक द्यायचा, आणि काय बदललं ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं.